मैत्रिणीचं पहिलं अप्रेझल लिहिताना या चुका टाळा

दरवर्षी अप्रेझलच्या दिवसांत नव्या मॅनेजरांचे फॉर्म माझ्याकडे वाचायला येतात. कालपर्यंत शेजारी बसणारी मैत्रीण आता टीममध्ये असेल, तर तिचा फॉर्म लगेच ओळखू येतो. एकतर तो नुसता गुळगुळीत असतो, नाहीतर बाकीच्यांपेक्षा विनाकारण कडक. मी स्वतः एकाच आठवड्यात हे दोन्ही लिहिलं होतं.

आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो होतो. चार वर्षांनी बढती मला मिळाली आणि ती माझ्या टीममध्ये आली. तिच्या फॉर्मवर मी आधी ५ पैकी ४ दिले आणि लिहिलं, ‘मेहनती, सर्वांना सांभाळून घेणारी.’ दुसऱ्या दिवशी वाचलं आणि धसका घेतला. लोक म्हणतील, मैत्रिणीला झुकतं माप दिलं. म्हणून ४ चे ३ केले, आणि मग त्या ३ साठी कारणं शोधत बसले. आधी आकडा आणि मागाहून कारणं, हा उलटा क्रम आजही निम्म्या फॉर्मांत दिसतो.

कारण सापडलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिचे मासिक अहवाल उशिरा गेले होते. शब्द बोचू नयेत म्हणून मी पुढे जोडलं, ‘घरातील आजारपणामुळे या काळात कामावरील लक्ष कमी झाले.’ मला वाटलं, मी तिची बाजू सांभाळतेय.

बैठकीत तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “आईचं ऑपरेशन मी तुला रात्री अकराला फोनवर सांगितलं होतं. ऑफिसला नव्हतं सांगितलं.” तोवर फॉर्म माझ्या साहेबांनी वाचलेला होता.

त्या ओळीत दोन दोष होते. मैत्रीत कळलेली गोष्ट मी कायमच्या नोंदीत टाकली होती. आणि ‘लक्ष कमी झाले’ हा माझा निव्वळ अंदाज होता, कारण लक्ष कोणी मोजलेलं नव्हतं. मोजता येणारी गोष्ट साधी होती. साहेबांना सांगून फॉर्म परत उघडून घेतला आणि लिहिलं, ‘१२ पैकी ९ अहवाल वेळेवर. ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबरचे अनुक्रमे २, ४ व ३ दिवस उशिरा. नोव्हेंबरपासून पुन्हा वेळेवर.’ नव्या दोघांना काम तिनेच शिकवलं होतं, हेही तेव्हा आठवलं. रोज डोळ्यांसमोर घडत होतं म्हणून नोंदवायचंच राहिलं होतं. आकडा ३ च राहिला. त्या आकड्याबद्दल तिची तक्रार कधीच नव्हती.

तेव्हापासून कच्च्या मसुद्यात प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिते, हे मला कुठून कळलं: ईमेल, अहवाल, बैठक, ग्राहक. ‘गप्पांत कळलं’ असं लिहावं लागलं की ते वाक्य खोडते. खासगी कारण खरोखर महत्त्वाचं असेल, तर ते लिहायचं की नाही हे तिने ठरवायचं. तिच्या स्व-मूल्यांकनात त्यासाठी जागा असते.

दुसरी चूक म्हणजे मैत्री वरच्यांपासून लपवणं. रेटिंगच्या बैठकीत सगळे मॅनेजर एकमेकांचे आकडे तपासतात, तिथे ती बाहेर येतेच, आणि मग बरोबर दिलेला आकडाही संशयित ठरतो. लिहायला बसण्याआधी साहेबांना एका वाक्यात सांगा आणि मसुदा त्यांना वाचायला द्या.

तिचा फॉर्म सगळ्यात आधी किंवा सगळ्यात शेवटी लिहू नका. मी मधे लिहिते, म्हणजे हात बाकीच्यांच्याच मापाला बसलेला असतो. ही माझी सवय आहे, नियम नव्हे.

शेवटच्या संध्याकाळी दहा फॉर्म उरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अशा घाईत शेवटचे दोन महिनेच आठवतात, आणि मागच्या वर्षीचा मजकूर उचलून चिकटवला जातो. दर महिन्याला प्रत्येकाबद्दल तीन ओळी लिहून ठेवा, त्याला पाच मिनिटं लागतात.

वर्षभरात तोंडी न सांगितलेली तक्रार फॉर्ममध्ये पहिल्यांदा लिहू नका. ऑगस्टचा अहवाल उशिरा आला तेव्हा मी गप्प बसले, कारण मैत्रीण होती. तेव्हाच विचारलं असतं, तर एखादा अहवाल तात्पुरता दुसऱ्याकडे देता आला असता.

बैठक दार बंद असलेल्या खोलीत घ्या, आणि फॉर्म तिला आदल्या दिवशी वाचायला द्या. माझ्या मैत्रिणीला ती ओळ माझ्यासमोर बसून पहिल्यांदा वाचावी लागली.