सूक्ष्म की लघु? कुपवाडच्या हळद कारखान्यावरून सोडवलेलं एक गणित

उद्योजकता विकासाच्या पेपरात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांवरचा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकांचे मार्क जातात ते जुन्या आकड्यांमुळे. बाजारातल्या गाइडांत अजून 25 लाख, 5 कोटी, 10 कोटी अशी यादी छापलेली सापडते. ती 2006 च्या कायद्यातली, फक्त यंत्रांच्या गुंतवणुकीवर बेतलेली आणि उत्पादन व सेवा यांसाठी वेगवेगळी होती. 1 जुलै 2020 पासून हा भेद गेला आणि गुंतवणुकीच्या जोडीला उलाढाल आली. तेव्हाच्या मर्यादाही आता बदलल्या आहेत. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे गुंतवणूक 2.5 कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत, लघु म्हणजे 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत, मध्यम म्हणजे 125 कोटी आणि 500 कोटींपर्यंत. पर्यायांत तिन्ही काळांचे आकडे मिसळून दिलेले असतात, म्हणून प्रश्नात कोणतं वर्ष आहे ते आधी बघा.

पण आकडे पाठ असूनही उदाहरण चुकतं, कारण त्या आकड्यांत काय धरायचं आणि काय वगळायचं हे माहीत नसतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरचा कारखाना आहे. जागा आणि शेड मिळून 1.80 कोटी, ऑफिसचं फर्निचर 12 लाख. पॉलिशचं ड्रम, पल्व्हरायझर, पॅकिंग मशिन वगैरे सगळी यंत्रसामग्री घसारा वजा जाता 2.62 कोटी, त्यात धूळ पकडणारी प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा 20 लाखांची. वर्षाची उलाढाल 13.50 कोटी, त्यातली 4.10 कोटींची हळद परदेशात गेली.

घाईत सोडवणारा उलाढाल 10 कोटींच्या वर बघतो आणि ‘लघु’ लिहून मोकळा होतो. नीट पाहिलं तर जमीन, इमारत आणि फर्निचर गुंतवणुकीत धरतच नाहीत, त्यामुळे 1.80 कोटी आणि 12 लाख आधीच बाजूला. प्रदूषण नियंत्रण, संशोधन आणि औद्योगिक सुरक्षेच्या साधनांचा खर्चही वगळायचा. उरतात 2.42 कोटी. उलाढालीतून निर्यात वजा होते, म्हणजे 9.40 कोटी. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत, तेव्हा हा कारखाना सूक्ष्म उद्योग. निर्यातीचा आकडा प्रश्नात दिला असेल तर तो बहुधा याच वजाबाकीसाठी दिलेला असतो. यंत्राची खरेदी किंमत धरताना त्यातून जीएसटी वगळायचा, हाही असाच एक बारीक चिमटा.

आता याच मालकाने त्याच पॅनवर तासगावला दुसरं युनिट टाकलं, तिथली यंत्रं 30 लाखांची आणि देशातली उलाढाल 1 कोटी. जागा वेगळी, वीज मीटर वेगळा, तरी एका पॅनखालची सगळी युनिट मिळून एकच उद्योग समजतात. गुंतवणूक 2.72 कोटी झाली, उलाढाल 10.40 कोटी. दोन्ही मर्यादा ओलांडल्या, उद्योग लघु झाला. खरं तर एकच ओलांडली असती तरी तो वर गेलाच असता.

खाली येताना मात्र नियम उलटा आहे. समजा पुढच्या वर्षी नवं यंत्र घेतलं नाही आणि 15 टक्के घसारा धरला, तर 2.72 कोटींचे 2.31 कोटी होतात. गुंतवणूक सूक्ष्मच्या मर्यादेत आली, पण उलाढाल अजून 10.40 कोटी आहे. उद्योग लघुच राहील. वर चढायला एक निकष पुरतो, खाली उतरायला दोन्ही लागतात. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं की विधान-कारण प्रकारचे प्रश्न बरेचसे सुटतात.

वर्ग ठरवण्याचा सगळा खटाटोप कशासाठी, तर योजना वर्गाप्रमाणे मिळतात म्हणून. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते थकीत बिलांचं संरक्षण, कायद्याची कलमं 15 ते 18. ते सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला आहे, मध्यमला नाही. करार नसेल तर खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. करारात 60 दिवस लिहिले तरी कायदा 45 च मोजतो.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. प्रश्नात बँक दर 6 टक्के दिला आणि थकबाकी 8 लाख असेल, तर वर्षाला 18 म्हणजे महिन्याला दीड टक्का. पहिल्या महिन्याचे 12,000, दुसऱ्या महिन्यात 8,12,000 वर 12,180, दोन महिन्यांचे मिळून 24,180 रुपये. बरेच जण इथे रेपो दर घेतात किंवा सरळव्याज लावून 24,000 लिहितात.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या घाऊक व्यापाऱ्याचं काय? 2 जुलै 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. थकीत बिलाचा दावा त्याला या कायद्याखाली करता येत नाही. हळद तीच, पण दळून विकणारा आणि पोती विकणारा यांच्यात एवढा फरक पडतो.

दुसरा हमखास प्रश्न पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा. यात प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा उत्पादनाला 50 लाख आणि सेवेला 20 लाख. वाई तालुक्यातल्या गावात एक बाई मसाल्याचं युनिट टाकते, प्रकल्प 12 लाखांचा. स्त्रिया विशेष प्रवर्गात येतात आणि जागा ग्रामीण, म्हणून अनुदान 35 टक्के म्हणजे 4,20,000 आणि स्वतःचा हिस्सा 5 टक्के म्हणजे 60,000. उत्पादन प्रकल्प 10 लाखांवर गेला की किमान आठवी पास असावं लागतं, ही अट इथे लागू होते. हाच प्रकल्प सातारा शहरात सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाचा असता, तर अनुदान 15 टक्के म्हणजे 1,80,000 आणि स्वहिस्सा 10 टक्के म्हणजे 1,20,000.

घोळ होतो तो बँक कर्जाचा आकडा काढताना. मुलं 12 लाखांतून अनुदान आणि स्वहिस्सा दोन्ही वजा करून 7,20,000 लिहितात. प्रत्यक्षात बँक स्वहिस्सा सोडून उरलेले 95 टक्के, म्हणजे 11,40,000 मंजूर करते. अनुदान हातात पडत नाही, ते उद्योजकाच्या नावाने बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत अडकून राहतं. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची तपासणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. त्यामुळे ‘मंजूर कर्ज किती’ आणि ‘अनुदान वळतं करून कर्जाचा बोजा किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि 7,20,000 हे दुसऱ्याचं उत्तर आहे.