बोडे प्लॉट हाताने काढा आणि गेन मार्जिन, फेज मार्जिन वाचा

आपण हे ओपन-लूप ट्रान्सफर फंक्शन घेऊ:

```
G(s) = 10000 / [s(s+10)(s+100)]
```

बहुतेकांची चूक इथेच होते. वरचे १०००० पाहून ते ८० डेसिबलपासून रेघ ओढतात. आधी प्रत्येक कंसातला स्थिरांक बाहेर काढून तिथे १ आणायचा. १०००० ला १० आणि १०० च्या गुणाकाराने भागले की उरतात १०:

```
G(s) = 10 / [s(1+s/10)(1+s/100)]
```

आता सेमी-लॉग कागद घ्या. ω = १ वर २० डेसिबलचा बिंदू मांडा. खालच्या एकट्या `s` मुळे त्यातून दर डिकेडला २० डेसिबलने उतरणारी रेघ जाते. १० या कॉर्नर फ्रिक्वेन्सीला उतार ४० होतो, १०० ला ६०. गेनचा आलेख झाला.

फेजसाठी मात्र सरळ रेघांच्या नादी लागू नये असे माझे मत आहे. कॅल्क्युलेटर हाताशी असताना चार बिंदू काढणे सोपे:

```
φ = -90° - atan(ω/10) - atan(ω/100)
```

ω = १ ला −९६°, १० ला −१४१°, ३१.६ ला −१८०° आणि १०० ला −२१९°. हे बिंदू हलक्या हाताने जोडा.

फेज मार्जिनसाठी गेन शून्य डेसिबलला कुठे छेदतो ते पाहायचे. आपली रेघ म्हणते, १० ला. तिथे फेज −१४१°, म्हणजे −१८०° पर्यंतचे मार्जिन ३९°. पण थांबा: छेद नेमका कॉर्नरवर पडलाय, आणि कॉर्नरवर खरा आलेख रेघेच्या ३ डेसिबल खाली असतो. म्हणजे खरा आलेख शून्याला आधीच छेदून गेलेला असतो, साधारण ७.८४ ला. तिथे फेज −१३३° आहे, म्हणून फेज मार्जिन ४७°. एका कॉर्नरपायी आठ अंशांचा फरक! छेद कॉर्नरच्या जवळ आला की रेघेवर विसंबू नका.

गेन मार्जिन उलट्या वाटेने मिळतो. फेज −१८०° होतो ३१.६ ला, तिथून सरळ वर गेनच्या आलेखावर जा. रेघ −२० डेसिबल दाखवते, नेमके गणित −२०.८. चिन्ह बदलले की गेन मार्जिन २०.८ डेसिबल, म्हणजे गेन ११ पट वाढवला की सिस्टीम डोलायला लागेल. पडताळा हवा असेल तर राउथची कसोटी लावा: `s³ + 110s² + 1000s + K` साठी सीमा येते K = ११००००, म्हणजे आपल्या १०००० च्या बरोबर ११ पट.

लूपमध्ये ०.०५ सेकंदाचा विलंब असेल तर गेनचा आलेख तसाच राहतो, पण ७.८४ ला फेज आणखी सुमारे २२° खाली जातो आणि ४७° चे जेमतेम २५° उरतात. ओपन-लूपचा एखादा पोल उजव्या अर्धप्रतलात असेल किंवा गेन शून्याला अनेकदा छेदत असेल, तर या दोन आकड्यांवरून स्थिरता ठरवू नका. तिथे नायक्विस्ट आलेखच काढावा लागतो.