पाणी रॉकेलपेक्षा जड, मग किरण स्तंभिकेकडे का झुकत नाही? चुकलेलं उत्तर असं तपासा

प्रकाशाच्या अपवर्तनावर असा एक प्रश्न विचारला जातो: भांड्यात पाण्यावर रॉकेलचा थर तरंगतो आहे. रॉकेलमधून पाण्यात तिरपा शिरणारा किरण काढा आणि तो कुठे वळेल ते कारणासह लिहा. बरीच मुलं लिहितात, 'पाणी घन माध्यम आहे, म्हणून किरण स्तंभिकेकडे झुकेल.' आकृती नेटकी, नियम तोंडपाठ, तरी उत्तर चूक. अशा वेळी नियमावर शंका घेऊ नका. विरल माध्यमातून घन माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडेच झुकतो. चुकतं ते दोघांतलं घन माध्यम कोणतं हे ठरवताना.

म्हणून आधी बाणाकडे पाहा आणि किरण कुठून निघून कुठे चालला आहे हे कागदावर लिहा: रॉकेलमधून पाण्यात. मग दोघांचे अपवर्तनांक शेजारी मांडा. रॉकेलचा सुमारे 1.44, पाण्याचा 1.33. ज्याचा अपवर्तनांक जास्त, ते प्रकाशाच्या दृष्टीने घन. म्हणजे इथे घन माध्यम रॉकेल आहे आणि पाणी विरल. रॉकेल पाण्यावर तरंगतं, कारण त्याचं वस्तुमान घनफळाच्या मानाने कमी आहे. पण प्रकाशाला त्या वजनाशी कर्तव्य नाही. त्या माध्यमात आपला वेग किती, एवढ्यावरच त्याचं वळणं ठरतं. रॉकेलमध्ये तो वेग सेकंदाला सुमारे 2 लाख 8 हजार किलोमीटर असतो आणि पाण्यात सुमारे 2 लाख 26 हजार. पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग वाढतो, म्हणून किरण स्तंभिकेपासून दूर जातो.

ही चूक इतकी टिकून राहते, याचं कारण नेहमीच्या उदाहरणांत आहे. हवा आणि पाणी, हवा आणि काच या जोड्यांमध्ये जे जड तेच प्रकाशाच्या दृष्टीनेही घन असतं. त्यामुळे वजनावरून काढलेलं उत्तर तिथे बरोबर येतं आणि चुकीची समजूत पक्की होत जाते. रॉकेल, टर्पेंटाइन, खाद्यतेल असे पाण्यावर तरंगणारे द्रव प्रश्नात आले की ती उघडी पडते.

आता आकृती तपासा. किरण सीमेला जिथे टेकतो, तिथे सीमेला काटकोनात स्तंभिका काढा. आपाती किरण त्याच दिशेत सरळ पुढे तुटक रेषेने वाढवा; प्रकाश वळला नसता तर तो या रेषेने गेला असता. तुमचा अपवर्तित किरण ही तुटक रेषा आणि स्तंभिका यांच्यामध्ये असेल, तर तुम्ही तो स्तंभिकेकडे झुकवला आहे. तुटक रेषा आणि सीमा यांच्यामध्ये असेल, तर तो दूर गेला आहे. आपल्या प्रश्नात तो दुसऱ्या जागी हवा. कोन मोजायचे तेही स्तंभिकेपासून. सीमेपासून मोजले तर मोठा कोन लहान वाटतो आणि सगळा निष्कर्ष उलटा होतो.

आकडे घालून खात्री करता येते. रॉकेलमध्ये आपतन कोन 30° धरा.

1.44 × sin 30° = 1.33 × sin r

डावी बाजू 0.72 येते. तिला 1.33 ने भागलं की sin r सुमारे 0.541, म्हणजे r जवळजवळ 33°. अपवर्तन कोन आपतन कोनापेक्षा मोठा, म्हणजे किरण दूर गेला. हाच किरण उलट, पाण्यातून रॉकेलमध्ये 33° ने आला असता, तर 30° वर येऊन स्तंभिकेकडे झुकला असता. तेव्हा 'पाण्यात गेला की दूर' असं नवं पाठांतर करू नका; दर वेळी बाण आणि अपवर्तनांक पाहा.

सुधारलेलं उत्तर असं लिहा: 'रॉकेलचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त आहे. किरण घन माध्यमातून विरल माध्यमात जात असल्याने तो स्तंभिकेपासून दूर जाईल.' अपवर्तनांकाचा उल्लेख गाळू नका, कारण नुसत्या 'घन' या शब्दावरून तुम्ही कोणती घनता धरली हे तपासणाऱ्याला कळत नाही.

घरी पाहायचं असेल तर रॉकेलऐवजी खाद्यतेल घ्या. त्याचा अपवर्तनांक साधारण 1.47 असतो. सपाट बाजूंच्या पारदर्शक डब्यात पाणी भरा, किरण दिसावा म्हणून त्यात दुधाचा एक थेंब टाका आणि वर तेलाचा जाड थर सावकाश सोडा. लेझर टॉर्च वरून तिरका धरा. तो कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका. हवेतून 45° ने आलेला किरण तेलात सुमारे 29° वर येतो आणि पाण्यात सुमारे 32° वर जातो. फरक तीनच अंशांचा असल्याने नुसत्या नजरेने तो निसटतो. मोबाइल डब्यासमोर सरळ धरून फोटो काढा आणि तेलातल्या किरणावर पट्टी ठेवून तो पाण्यात वाढवा. पाण्यातला खरा किरण पट्टीच्या वरच्या अंगाला, सीमेच्या जवळ सरकलेला दिसेल.