‘आपुलकीचा सूर’ असं लिहून भागत नाही

ब्रँडची भाषा ठरवताना ‘आपुलकीची, साधी’ अशी विशेषणं लिहिली की टीममधला प्रत्येक जण त्याचा आपापला अर्थ लावतो. त्याऐवजी नेहमी लागणारा एकच निरोप घ्या आणि तो प्रत्येक ठिकाणी कसा जाईल ते पूर्ण वाक्यात लिहा.

समजा, दिवाळी फराळाची ऑर्डर दोन दिवस उशिरा पोचणार आहे.

व्हॉट्सॲप: ‘तुमचा फराळ गुरुवारी पोचेल. दोन दिवस उशीर होतोय, माफ करा.’
ईमेल: हीच दोन वाक्यं, त्याखाली उशिराचं कारण आणि ऑर्डर रद्द करायची सोय.
इन्स्टाग्रामवर तक्रार आली तर: ‘उशिराबद्दल माफ करा. ऑर्डर नंबर मेसेजमध्ये पाठवा, लगेच बघतो.’
असं नको: ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

लांबी बदलली, ‘तुम्ही’ बदललं नाही. मराठीत सूर सगळ्यात आधी इथेच फाटतो: एक जण ‘तुम्ही’ लिहितो, दुसरा ‘आपण’, रील करणारा थेट ‘तू’. म्हणून भाषेच्या नियमांच्या कागदावर पहिली ओळ संबोधनाची. मग ‘पाठवा’ की ‘पाठवावे’, ‘ऑर्डर’ की ‘मागणी’, तेही ठरवून टाका.

महिन्याने टीममधल्या तिघांनी ग्राहकांना दिलेली उत्तरं नावं झाकून वाचा. कोणतं कोणाचं ते ओळखू आलं, तर त्या प्रसंगाचा नमुना कागदावर नाही, तो जोडा.