आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष: व्हाउचरपासून स्टॉकच्या मोजणीपर्यंत काम कसं करावं

सीए इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले, फर्म मिळाली, नोंदणी झाली. पहिल्या सोमवारी सिनिअर एक लॅपटॉप आणि फायलींचा गठ्ठा समोर ठेवतो आणि म्हणतो, "व्हाउचिंग करून टाक." २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोनच वर्षांची झाली. त्यामुळे पहिलं वर्ष वाया घालवायला आता जागाच उरलेली नाही. तरी बरीच मुलं हे वर्ष बिलांवर हिरव्या पेनाने टिका मारण्यात घालवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांना ताळेबंदातला एक आकडासुद्धा स्वतःच्या बळावर तपासता येत नाही. मी वीसेक वर्षं मुलांना हे काम शिकवतो आहे. पहिल्या वर्षात नेमकं काय करायचं ते इथे एकेक करून सांगतो.

आधी मागच्या वर्षीची फाइल वाचा

क्लायंटकडे जायच्या आदल्या दिवशी दोन तास काढा आणि मागच्या वर्षीची ऑडिट फाइल वाचा. धंदा काय आहे, माल कुठून येतो, कुठे जातो, मागच्या वेळी कोणत्या क्वेऱ्या निघाल्या होत्या आणि त्यांचं काय झालं, एवढं समजलं तरी पुरे. मग मागच्या आणि या वर्षीची ट्रायल बॅलन्स एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडा आणि फरकाचा रकाना काढा. विक्री जेमतेम पाच टक्क्यांनी वाढली आणि दुरुस्ती-देखभालीचा खर्च दुप्पट झाला असेल, तर कोणतं लेजर आधी उघडायचं ते तिथेच ठरतं. हे न करता गेलात तर अकाउंटंट जी फाइल हातात देईल तिथून तुमची सुरुवात होते. तो देईल ती फाइल बहुधा सगळ्यात नीटनेटकी असते.

व्हाउचिंग: बिल आहे का, एवढंच पाहू नका

टॅलीतली एन्ट्री आणि फायलीतलं बिल यांची रक्कम जुळली की टिक मारायची, अशी अनेकांची समजूत असते. रक्कम जुळणं हा तपासणीचा सगळ्यात सोपा भाग झाला. प्रत्येक बिल हातात घेतलं की स्वतःला चार गोष्टी विचारा. हे बिल याच संस्थेच्या नावावर आहे का? खर्च याच वर्षाचा आहे का? तो योग्य खात्यात गेला आहे का? आणि माल किंवा सेवा खरोखर मिळाली, हे बिलाखेरीज दुसऱ्या कोणत्या कागदावरून दिसतं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. बिल हा समोरच्या पार्टीने काढलेला कागद असतो. माल आला हे गेटवरचं आवक रजिस्टर, वजनकाट्याची पावती किंवा स्टोअरची नोंद सांगते.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचं ऑडिट चालू होतं. आमच्याकडे जेमतेम चार महिने झालेल्या मुलीकडे दुरुस्ती-देखभालीचं लेजर दिलं होतं. सूचना साधी होती: पन्नास हजारांवरच्या सगळ्या एन्ट्र्या बघायच्या आणि बाकीच्यांतून काही निवडायच्या. त्यात २८ मार्चची एक एन्ट्री होती, १,८५,००० रुपये, नॅरेशन "कॉम्प्रेसर रिपेअर". बिलावर रक्कम १,८५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३३,३००, एकूण २,१८,३००. टॅलीशी पैशापैशाने जुळत होतं.

तिने बिलावरचं वर्णन वाचलं. तिथे दुरुस्तीचं नावही नव्हतं, नव्या एअर कॉम्प्रेसरचं मॉडेल आणि सिरिअल नंबर होता. म्हणजे हा खर्च नव्हता, ही मालमत्ता होती. बहुतेक जण इथे क्वेरी लिहून पुढे गेले असते. ती खाली गेली आणि कॉम्प्रेसर कुठे बसवला ते विचारलं. मशीन जागेवर होतं, सिरिअल नंबरही जुळला. मग तिने गेटचं रजिस्टर मागितलं. आवक ६ एप्रिलची. बिलाला जोडलेलं ई-वे बिल ४ एप्रिलचं. ऑर्डरमध्ये माल फाउंड्रीत पोहोचवून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची होती, म्हणजे ३१ मार्चला ते मशीन फाउंड्रीचं झालेलंच नव्हतं.

आता या एका बिलाचे किती धागे निघाले ते बघा. खर्च जास्त दाखवल्यामुळे नफा १,८५,००० रुपयांनी कमी दिसत होता. तेवढा खर्च काढून रक्कम मालमत्तेत टाकली तरी चुकलंच असतं, कारण मशीन त्या वर्षात आलंच नव्हतं. त्यावर घसारा घेण्याचा प्रश्नच नव्हता. देण्यांत २,१८,३०० रुपये जास्त दिसत होते. आणि मार्चच्या ३बी रिटर्नमध्ये ३३,३०० रुपयांचं क्रेडिट घेतलं होतं. बिल २बी मध्ये दिसलं म्हणून अकाउंटंटने ते घेतलं, पण माल हातात आल्याखेरीज क्रेडिट घेता येत नाही. मार्चची सगळी एन्ट्री उलटवून ती एप्रिलमध्ये घ्यावी लागली.

तिने जास्तीचं काय केलं? बिलावरचं वर्णन वाचलं, आणि दुसऱ्याच माणसाने, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला एक कागद मागितला. वॉचमनला नफा-तोट्याशी देणंघेणं नसतं. म्हणूनच त्याच्या रजिस्टरवर भरवसा ठेवता येतो.

क्वेरी कशी विचारावी, कशी लिहावी

अकाउंटंट तुमच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे असतात. "हे चुकलंय" असं म्हटलंत की ते लगेच बचावाला उभे राहतात, आणि पुढचे चार दिवस एकही कागद वेळेवर मिळत नाही. "काका, हा कॉम्प्रेसर ६ तारखेला गेटवर आलेला दिसतोय, मार्चमध्ये कसा घेतला तेवढं सांगाल का?" असं विचारलंत तर खरं कारण कळतं. या फाउंड्रीत कारण अगदी साधं होतं: विकणाऱ्याने बिल ईमेलवर पाठवलं आणि ते त्याच दिवशी बुक झालं. हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, की ईमेलवर आलेली मार्चअखेरची आणखी बिलं कोणती? तशी आणखी दोन निघाली. "आम्ही दरवर्षी असंच करतो" हे उत्तर मिळालं तर तेही लिहून ठेवा, कारण मग मागच्या वर्षाचाही प्रश्न उभा राहतो.

लिहिताना मात्र "कॉम्प्रेसर चेक केला, चूक आहे" अशी ओळ उपयोगाची नाही. कोणती एन्ट्री, कोणकोणते कागद पाहिले, त्यांच्या तारखा आणि नंबर, काय आढळलं, कोणाला विचारलं, ते काय म्हणाले आणि शेवटी काय ठरलं, हे सगळं त्या पानावर हवं. ऑडिटच्या कागदपत्रांचं मानक, एसए २३०, हेच मागतं: या कामाशी संबंध नसलेल्या जाणकार ऑडिटरने फाइल उघडली तर काय केलं आणि निष्कर्ष कशावरून काढला, हे त्याला कळलं पाहिजे. फाइल सात वर्षं सांभाळायची असते. तुम्ही तोपर्यंत कुठल्या कुठे गेलेले असाल, तुमचं ते पान मात्र तिथेच असेल. म्हणून संध्याकाळी उठण्याआधी त्या दिवसाची नोंद पुरी करा. तीन दिवसांनी लिहायला बसलात तर कागदांचे नंबर आठवत नाहीत, आणि मग माणूस अंदाजाने लिहितो.

बँकेची जुळणी: एप्रिलचं स्टेटमेंट मागा

बँक रिकन्सिलिएशन क्लायंटने तयार करून दिलेलं असतं आणि बेरीज बरोबर असते. तेवढ्यावर थांबू नका. "दिलेले पण वटायचे राहिलेले चेक" या यादीतला प्रत्येक चेक पुढच्या महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये कोणत्या तारखेला वटला ते त्याच्यासमोर लिहा. बहुतेक चेक आठ-दहा दिवसांत वटलेले दिसतील. जो ३० मार्चचा चेक जुलै उजाडला तरी वटलेला नाही, तो संपलाच, कारण चेकची मुदत तीन महिने असते. असा चेक बहुधा पार्टीला दिलेलाच नसतो, ड्रॉवरमध्ये पडून असतो.

हे का करतात तेही समजून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. मुदत उलटली तर तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळतो. हा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागला आणि मार्चअखेर कागदोपत्री चेक फाडायचा मोह वाढला. चेकबुकातली चेकची स्थळप्रत आणि पार्टीकडची पावती मागितली की खरं काय ते दिसतं.

एक्सेल किती यायला हवं

पहिल्या वर्षात सॉर्ट, फिल्टर, पिव्होट, व्हीलुकअप आणि बेरजेची सूत्रं हातात बसली पाहिजेत. याहून जास्तीचं नंतर शिकता येतं. एक उपयोग दाखवतो. टॅलीतून खरेदीची यादी काढा. बी रकान्यात पार्टी, डी रकान्यात रक्कम असेल, तर शेजारच्या मोकळ्या रकान्यात हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=COUNTIFS(B:B,B2,D:D,D2)
```

जिथे उत्तर १ पेक्षा जास्त येईल तिथे त्याच पार्टीचं त्याच रकमेचं बिल पुन्हा आलेलं आहे. बिल नंबर मुद्दामच घेतलेला नाही, कारण दोनदा बुक झालेल्या बिलाचा नंबर एकदा "४५" आणि एकदा "०४५/२४-२५" असा टाकलेला असतो. भाडं किंवा मासिक कंत्राटाच्या रकमा दर महिन्याला सारख्याच असतात, त्या बाजूला काढा. उरलेली बिलं प्रत्यक्ष बघा. सूत्र फक्त कुठे बघायचं ते दाखवतं. बिल दोनदा आलं की दोन वेगळ्या खेपा होत्या, हे आवक रजिस्टरच सांगेल.

३१ मार्चची मोजणी

वर्षभर कागदावर पाहिलेला माल या दिवशी डोळ्यांसमोर असतो, म्हणून मोजणीला पाठवत असतील तर नक्की जा. बूट घाला, टॉर्च आणि पॅड घ्या. मोजणी क्लायंटची माणसं करतात, आपण ती पाहतो आणि काही नग स्वतः पुन्हा मोजतो. हे दोन्ही दिशांनी करा. यादीतले काही नग निवडून ते जागेवर आहेत का बघा, आणि जागेवरचे काही निवडून ते यादीत आहेत का बघा. पहिल्याने नसलेला माल दाखवला असेल तर सापडतो, दुसऱ्याने असलेला माल दडवला असेल तर. फाउंड्रीत आवारात पडलेलं सगळंच कंपनीचं नसतं. गिऱ्हाइकाचे पॅटर्न आणि जॉबवर्कला आलेला माल तिथेच असतो. प्रत्येक ढिगाजवळ "हे कोणाचं?" असं विचारा.

निघण्यापूर्वी त्या दिवसाचा शेवटचा विक्री बिल नंबर, शेवटचा आवक नंबर आणि गेट रजिस्टरचं शेवटचं पान टिपून घ्या, जमलं तर फोटो काढा. मग आवारात एक चक्कर मारा. भरून उभा असलेला ट्रक दिसला, तर त्याचं बिल फाडलं आहे का आणि त्यातला माल मोजणीतही धरला आहे का, हे तिथेच, त्याच संध्याकाळी विचारा. जूनमध्ये विचारलंत तर तो ट्रक कोणालाच आठवत नाही.