नव्या ओळखीतल्या व्यक्तीच्या बोलण्यात जवळचा मित्र किंवा मैत्रीण डोकावली, तर मत्सर कसा सांभाळावा

तीन भेटी झालेल्या असतात, बोलणे जमत असते, आणि चौथ्या भेटीत शंकरनगरच्या एखाद्या कॅफेत समोरची मुलगी सहज सांगून जाते, "मागच्या रविवारी मी आणि माझा एक मित्र रामटेकला जाऊन आलो." मराठीत ही गोष्ट झाकून राहत नाही, कोणी 'फ्रेंड' असा मोघम शब्द वापरला, तरी पुढे 'आला होता' की 'आली होती' हे क्रियापदच सांगून टाकते. त्या एका क्रियापदाने पोटात खड्डा पडतो. मी पुरुष म्हणून लिहितो आहे, परंतु बाजू उलटवून वाचले तरी पायऱ्या त्याच राहतात.

पहिली पायरी म्हणजे पोटात जे झाले त्याला योग्य नाव देणे. बोलताना आपण सगळ्यालाच 'जळणे' म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या भावना मिसळलेल्या असतात. जे आपले आहे ते तिसरा कोणी नेईल, या भीतीतून येतो तो मत्सर. आणि दुसऱ्याजवळ असलेले आपल्याजवळ नाही, याची बोच म्हणजे हेवा. चौथ्या भेटीत आपले असे काहीच ठरलेले नसते, त्यामुळे राखण करण्यासारखेही काही नसते. त्या मित्राजवळ तिची दहा वर्षे आहेत आणि आपल्याजवळ तीन भेटी आहेत, हे खरे दुखणे असते. हा फरक मनाशी स्पष्ट केला नाही, तर माणूस हेव्यावर मत्सराचा उपाय करू लागतो, म्हणजेच पहारा देऊ लागतो.

दुसरी पायरी सर्वांत कठीण आहे, आणि तीच माझ्या हातून बराच काळ चुकत राहिली. ती म्हणजे तो उल्लेख ऐकल्यानंतरची पहिली पाच मिनिटे.

मला एकदा रामटेकच्या त्या वाक्यानंतर पाच प्रश्न सुचले आणि मी ते पाचही विचारले. कोण हा मित्र? कधीपासूनचा? तुम्ही दोघेच गेला होतात का? त्याचे लग्न झाले आहे का? तुझ्या घरी माहीत आहे का? प्रत्येक प्रश्न सुटा पाहिला तर साधा वाटतो, आणि म्हणूनच मी तेव्हा स्वतःला निर्दोष समजत होतो. पहिल्या दोन प्रश्नांना तिने पूर्ण वाक्यांत उत्तरे दिली, तिसऱ्याला नुसते "हो" म्हटले, चौथ्याला खांदे उडवले आणि पाचव्याला विचारले, "तू हे काऊन विचारून राहिला?" उत्तरे अशी आखूड होत जाणे ही खूण लक्षात ठेवावी, आपण गप्पा सोडून उलटतपासणीत शिरलो आहोत, हे तिच्यावरून कळते. त्यानंतर तिने माझ्यासमोर त्या मित्राचा उल्लेख कधी केला नाही. मला वाटले प्रश्न मिटला, पण प्रत्यक्षात मी तिला माझ्यासमोर मोजूनमापून बोलायला शिकवले होते, आणि दीड महिन्यात ती ओळख संपली.

मत्सर मोजण्यासाठी 1989 साली फायफर आणि वाँग या मानसशास्त्रज्ञांनी एक मापनपट्टी तयार केली. तिच्यात मत्सराचे विचार, भावना आणि वर्तन असे तीन भाग केलेले आहेत, आणि जोडीदाराला 'कुठे होतीस' असे विचारत राहणे हे खण किंवा खिसे तपासण्याबरोबर वर्तनाच्या भागात मोजले जाते. मला त्यातून एवढे उमगले की मनात येणारा विचार आणि पोटातला खड्डा आपल्या हातात नसला, तरी तोंडातून बाहेर पडणारा प्रश्न आपल्या हातात असतो.

म्हणून प्रश्न एकच विचारावा, आणि विचारण्यापूर्वी त्याला एक कसोटी लावावी: ती मैत्रिणीबरोबर गेली असती, तरी मी हाच प्रश्न विचारला असता का? 'दोघेच होतात का' या कसोटीवर टिकत नाही. 'गडमंदिराला पायऱ्यांनी चढलात की गाडी वरपर्यंत नेली' हा टिकतो. हा केवळ सभ्यपणाचा देखावा नव्हे. पुढे दुसऱ्या एका ओळखीत जवळपास असाच उल्लेख आला, तेव्हा मी पायऱ्यांबद्दलच विचारले. तिने सांगायला सुरुवात केली: मित्राच्या आईचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी वर न्यावी लागली, त्या काकू शाळेपासून तिला ओळखतात, मित्राचे लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि खरेदीचे अर्धे काम तिच्या गळ्यात पडले आहे. पंधरा मिनिटांत माझ्या पाचही प्रश्नांची उत्तरे मी न विचारता मिळाली, आणि तिच्या त्या दहा वर्षांतला एक तुकडा माझ्याही वाट्याला आला. हेव्यावर याहून वेगळा उपाय मला सापडलेला नाही.

या टप्प्यावर मित्रमंडळी हमखास सुचवतात, "तूही तुझ्या एखाद्या मैत्रिणीचे नाव काढ, म्हणजे कळेल तिला." असे कदापि करू नये. तिने सहज सांगितलेल्या गोष्टीला आपण हेतुपुरस्सर रचलेले उत्तर देतो, आणि तो हेतू ऐकणाऱ्याला कळतोच.

तिसरी पायरी रात्रीची आहे: फोन दूर ठेवावा. त्या मित्राचे प्रोफाइल शोधणे आणि जुन्या फोटोंवर कोणी काय लिहिले ते वाचणे यातून निश्चित असे काही हाती लागत नाही. लागतात ते अर्धवट तुकडे, आणि ते जुळवण्यासाठी पुन्हा शोध सुरू होतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 साली फेसबुक वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही याच चक्राची शक्यता दिसली होती. पाहिल्यावर मिळणारा दिलासा अर्धा तासही टिकत नाही, याचा अनुभव मी पुरेसा घेतला आहे.

चौथी पायरी बोलण्याची आहे, आणि दोन-तीन दिवसांनीही बोच तशीच असेल तरच ती घ्यावी. सांगताना आपली भावना सांगावी, मागणी जोडू नये: "तू त्याच्याबद्दल बोललीस तेव्हा मला थोडे असुरक्षित वाटले. तू काही चुकीचे केलेस असे नाही, पण तुझ्यापासून लपवावे असे वाटले नाही." इथे थांबावे. 'म्हणून त्याला कमी भेट' हे पुढे जोडले, की भावना बाजूला पडते आणि बंधन घालणे सुरू होते. मैत्री तोडायला लावणे किंवा फोनचा पासवर्ड मागणे याला मी प्रेमाचा भाग मानत नाही, आणि आपल्याकडून कोणी तसे मागत असेल तर तेही मानू नये.

प्रत्येक अस्वस्थता मात्र आपलीच चूक नसते. सहज केलेला उल्लेख बहुधा मोकळेपणाची खूण असतो. काळजीची बाब वेगळी असते. तीच हकीकत दुसऱ्यांदा वेगळी सांगितली गेली, भेट झाल्याचे भलत्याच व्यक्तीकडून कळले, किंवा पूर्वीचे प्रेमसंबंध 'नुसती मैत्री' म्हणून सांगितले गेल्याचे उघड झाले, तर तिथे प्रश्न मित्राचा राहत नाही, खोटेपणाचा होतो. तो समोरासमोर आणि नेमकी घटना सांगून विचारावा.

पाचवी पायरी म्हणजे त्या मित्राला भेटणे. आपण होऊन हट्ट धरू नये, पण बोलावणे आले तर टाळूही नये. पहिली भेट चार-पाच जणांत आणि सकाळची असावी. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर अर्धा तास पुरतो. तिथे त्याला तोलत बसू नये, शाळेतली ती कशी होती हे त्याला विचारावे.