एलसीआर मीटरचं ओपन-शॉर्ट: शून्य दिसलं तरी या चुका टाळा

क्लिप मोकळ्या ठेवून ओपन कॉम्पेन्सेशन केलं, स्क्रीनवर ०.०० पिकोफॅरड आलं, की लोक निर्धास्त होऊन मोजायला लागतात. पण ते शून्य म्हणजे पडताळणी नव्हे. त्या क्षणी क्लिप जशा होत्या आणि जी फ्रिक्वेन्सी लावलेली होती, तिथला स्ट्रे कपॅसिटन्स मीटरने लिहून घेतला आणि वजा केला, म्हणून शून्य दिसलं. क्लिप हलल्या किंवा फ्रिक्वेन्सी बदलली की ही वजाबाकी लागू पडेलच असं नाही.

छोट्या कपॅसिटरला ओपन महत्त्वाचं आणि छोट्या इंडक्टरला शॉर्ट, म्हणजे क्लिप एकमेकींना जोडून घेतलेलं कॉम्पेन्सेशन. १० पिकोफॅरडचा इम्पिडन्स १ किलोहर्ट्झला सुमारे १६ मेगाओहम असतो आणि १०० किलोहर्ट्झला सुमारे १६० किलोओहम. त्यापुढे वायरींचा दशांश ओहम काहीच नाही, पण क्लिपांमधले ३ पिकोफॅरड म्हणजे थेट ३० टक्के. १ मायक्रोहेन्रीचं नेमकं उलट. १०० किलोहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स जेमतेम ०.६३ ओहम असतो, त्यामुळे ते ३ पिकोफॅरड जाणवतही नाहीत, पण वायरीचे ५० नॅनोहेन्री मात्र ५ टक्के चूक घालतात. कॉम्पेन्सेशन दोन्ही करायचंच. फक्त आकडा चुकला तर आधी संशय कुणावर घ्यायचा, ते यावरून ठरतं.

चूक: एका फ्रिक्वेन्सीला कॉम्पेन्सेशन, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला मोजणी

काही मीटर एकदा CAL दाबलं की सगळ्या फ्रिक्वेन्सींना आळीपाळीने ओपन-शॉर्ट घेतात. काही फक्त चालू फ्रिक्वेन्सीचं घेतात आणि बाकीच्यांसाठी मागे कधीतरी साठवलेलं तसंच वापरतात. आपला मीटर कुठल्या प्रकारचा आहे हे मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा, कारण दुसऱ्या प्रकारात फसगत कशी होते ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

मागच्या वेळी लांब वायरी लावून सगळ्या फ्रिक्वेन्सींना ओपन घेतलं होतं आणि स्ट्रे ६.० पिकोफॅरड होता असं समजा. आज आखूड क्लिप लावल्या, स्ट्रे ३.२ पिकोफॅरडवर आला, आणि ओपन फक्त १ किलोहर्ट्झला घेतलं. आता सी-झिरो-जी प्रकारचा १० पिकोफॅरडचा कपॅसिटर १ किलोहर्ट्झला १०.१ दाखवतो आणि १०० किलोहर्ट्झला ७.३. सी-झिरो-जी फ्रिक्वेन्सीनुसार एवढा बदलत नाही, म्हणजे कपॅसिटर निर्दोष आहे. याच जातीचा २२ पिकोफॅरडचा लावा. तो १ किलोहर्ट्झला २२.२ आणि १०० किलोहर्ट्झला १९.४ दाखवतो. फरक दोन्ही वेळा २.८ पिकोफॅरडच. मीटरची चूक टक्केवारीतली असती तर दुसरा कपॅसिटर १६ च्या आसपास दिसला असता. कपॅसिटर बदलूनही फरक तेवढाच राहिला, याचा अर्थ ६.० वजा ३.२, म्हणजे जुनं ओपन अजून वापरात आहे. १०० किलोहर्ट्झला ओपन पुन्हा घेतलं की दोन्ही आकडे जागेवर येतात.

इथे एक सापळा आहे. कॉम्पेन्सेशन अजिबात केलंच नाही, तर दोन्ही फ्रिक्वेन्सींना १३.३ दिसेल, कारण स्ट्रे पिकोफॅरडमध्ये सगळीकडे जवळपास सारखाच असतो. त्यामुळे 'सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकच आकडा येतोय, म्हणजे मीटर बरोबर' हे तर्कशास्त्र कच्चं आहे. ओळखीच्या दोन किमतींचे कपॅसिटर आलटून पालटून लावणं हीच खरी तपासणी, आणि त्यासाठी सी-झिरो-जीच घ्या. एक्स-सेव्हन-आर प्रकारचा कपॅसिटर फ्रिक्वेन्सी आणि टेस्ट व्होल्टेजनुसार स्वतःच बदलतो, तो मीटरची साक्ष देऊ शकत नाही.

चूक: हाताला लागेल ती वायर शॉर्ट म्हणून लावणं

शॉर्ट म्हणून जे लावाल त्याला मीटर शून्य मानतो. १ मिलिमीटर जाडीची ५० मिलिमीटर सरळ वायर घेतली, तर तिचा स्वतःचा इंडक्टन्स सुमारे ४५ नॅनोहेन्री भरतो. पुढच्या प्रत्येक मोजणीतून तो वजा होत राहतो. १ मायक्रोहेन्री ९५५ नॅनोहेन्री दिसतो आणि ते खपूनही जातं, कारण कॉइलचा टॉलरन्सच तेवढा असतो. पण १०० नॅनोहेन्री ५५ दिसतो, आणि ३३ नॅनोहेन्रीचा तर उणे १२. इंडक्टन्स उणे आला की मीटर बिघडला म्हणून खोलून बसण्याआधी शॉर्ट तपासा.

मग वायर टाळून दोन्ही क्लिप एकमेकींनाच चावून धरायच्या का? त्यात शॉर्टच्या वायरीचा इंडक्टन्स जातो खरा, पण क्लिप जवळ आल्याने मीटरच्या वायरींच्या लूपचा आकार बदलतो. नंतर कॉइल लावताना क्लिप पुन्हा दूर जातात, लूप मोठा होतो आणि आकडा थोडा वाढीव येतो. म्हणजे क्लिपांमधलं अंतर कायम ठेवलं तर वायरीचा इंडक्टन्स वजा होतो, आणि वायर टाळली तर अंतर बिघडतं. यातून पूर्ण सुटका नाही. व्यवहारात रुंद आणि आखूड तांब्याची पट्टी सगळ्यात बरी पडते. मोजायच्या कॉइलच्या टोकांमध्ये जेवढं अंतर, तेवढीच ती ठेवा. १५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद पट्टीचा इंडक्टन्स ५ नॅनोहेन्रीच्या आसपास राहतो. १ मायक्रोहेन्रीसाठी तो अर्धा टक्का आहे, सोडून द्या. दहा-वीस नॅनोहेन्री मोजायचे असतील तर अशा क्लिपांच्या भानगडीत न पडता पक्क्या रचनेचं फिक्स्चर आणि त्याचीच शॉर्टिंग पट्टी घ्यावी, असं माझं मत.

चूक: शॉर्ट घेताना कॉन्टॅक्ट न बघणं

केल्विन क्लिपचा एक जबडा करंट नेतो आणि दुसरा व्होल्टेज वाचतो. दोन्ही जबडे उघड्या धातूला टेकले तरच चार वायरींचा फायदा मिळतो. एक जबडा काळवंडलेल्या टोकावर किंवा इनॅमल वायरच्या न खरवडलेल्या भागावर बसला, तर चार वायरींमुळे टळलेला कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स पुन्हा मोजणीत शिरतो. इंडक्टन्सच्या आकड्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. क्यू, म्हणजे रिअॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स, मात्र लगेच कोसळतो किंवा फुगतो.

१ मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा रेझिस्टन्स २० मिलिओहम असेल तर १०० किलोहर्ट्झला क्यू ३१ यायला हवा. कॉइल लावताना कॉन्टॅक्टचे १० मिलिओहम वाढले तर तो २१ वर येतो. उलट शॉर्ट घेतानाच खराब कॉन्टॅक्टमुळे १५ मिलिओहम जास्त धरले गेले, तर उरतात ५ मिलिओहम आणि क्यू दिसतो १२६. असा देखणा क्यू आला की हुरळून न जाता शॉर्टची पट्टी चार-पाच वेळा काढून लावा. दर वेळी रेझिस्टन्सचा आकडा एखाद्या मिलिओहमच्या आत फिरला पाहिजे. तो पाच-दहाने उडत असेल तर जबडे साफ करून शॉर्ट नव्याने घ्या.

ओपन घेतानाही असंच एक होतं. क्लिप हातात धरून ओपन घेतलं की बोटांचा कपॅसिटन्स आणि ओलसर त्वचेतून होणारी गळतीही वजाबाकीत शिरते. नंतर चांगल्या कपॅसिटरचा डी फॅक्टर, म्हणजे त्यातला तोटा दाखवणारा आकडा, उणे दिसू लागतो. क्लिप टेबलावर, पण धातूच्या पत्र्यापासून दूर, कपॅसिटर लावताना असतील तेवढ्याच अंतरावर ठेवा आणि हात मागे घ्या.

एवढं करूनही १ मायक्रोहेन्रीचा आकडा १ किलोहर्ट्झला हलतच राहतो, तो कॉम्पेन्सेशनचा दोष नाही. तिथे रिअॅक्टन्स फक्त ६.३ मिलिओहम असतो, आणि मीटरचा शेवटचा आकडा ०.१ मिलिओहमचा असेल तर त्याची एक पायरीच १६ नॅनोहेन्री होते. तिथे पुन्हा पुन्हा शॉर्ट घेण्यापेक्षा फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झवर न्या, आणि तिथलं ओपन-शॉर्ट वेगळं घ्या.